आडवी सळी

तुंबलेल्या बेसिनचा मला राग येत नाही, हळू उतरणाऱ्या बेसिनचा येतो. तुंबलेलं बेसिन निदान तोंडावर सांगतं, की बाई, आता काहीतरी कर. हळू उतरणारं आपल्याला गुपचूप सवयी लावतं. आधी तळाशी बोटभर पाणी रेंगाळतं, ते आपल्या लक्षातही येत नाही. मग नळ जरा बारीक सोडायला लागतो. मग घरातला प्रत्येक जण, कोणी कोणाला न सांगता, चूळ भरताना मध्येच नळ बंद करून थांबतो आणि वर त्याला पाण्याची बचत म्हणतो. पाणी गेल्यावर फेसाचं एक राखाडी वर्तुळ मागे राहतं. ते रोज पुसायचं, पण पाणी का थांबलं हे विचारायचं नाही.

परवा दुपारी घरात कोणी नव्हतं. हात धुतले आणि उगीच बघत उभी राहिले. साचलेल्या पाण्यावर एक लांब केस संथपणे गोल फिरत होता. फिरत फिरत बुचापाशी आला, टोक आत गेलं, आणि मग कोणीतरी आतून ओढून घ्यावं तसा सबंध केस नाहीसा झाला. मला वाटलं, हा गेला कुठे?

बाबांना विचारलं असतं तर त्यांनी पापणीही न लववता सांगितलं असतं, ट्रॅपमध्ये. त्यांच्या मते बेसिनच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ ट्रॅपमध्ये, म्हणजे बेसिनखाली पाणी धरून ठेवणाऱ्या त्या वळणात असतं. लहानपणी तो एक सोहळाच असायचा. खाली बादली, अंगावर जुना शर्ट, टॉर्च धरायला मी. टॉर्च हलला की ओरडा ठरलेला. बॉटल ट्रॅपची खालची वाटी ते हातानेच फिरवायचे. पकड लावली की प्लास्टिकचे आटे मरतात, हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. वाटी सुटली की भसकन काळं पाणी बादलीत पडायचं आणि मग उत्खनन सुरू व्हायचं. टूथपेस्टचं टोपण, फ्रॉकचं बटण, साबणाचा चिकट लगदा, आणि एकदा तर आईचा, मोलकरणीवर संशय घेऊन झालेला, कानातला खडा. बादलीतलं ते पाणी त्याच बेसिनमध्ये ओतायला जाणाऱ्या धाकट्या काकांना बाबांनी ज्या आवाजात थांबवलं, तो मला अजून आठवतो. खाली ट्रॅप उघडाच होता.

बाबांचं त्या बेसिनपुरतं बरोबरच होतं. त्याला साखळीचं रबरी बूच होतं. बूच काढलं की खाली नुसती जाळी आणि मोकळी नळी. वाटेत अडकायला काही नाही, त्यामुळे जे जाळीतून उतरेल ते थेट ट्रॅपच्या वाटीत जाऊन बसायचं. बॉटल ट्रॅपमध्ये पाणी मधल्या नळीतून वाटीच्या तळापर्यंत उतरतं, तिथे वळून वर चढतं आणि बाजूच्या तोंडातून भिंतीत जातं. वाटीत कायम थोडं पाणी राहतं आणि त्यामुळेच गटाराचा वास घरात येत नाही. जड वस्तू हे वळण घेऊ शकत नाहीत. म्हणून खडा सापडला.

केसाचं तसं नाही. केस जड नाही, तो लांब आहे. तो बुडण्याने अडकत नाही, आडवं काही भेटलं की अडकतो. आणि हल्लीच्या पॉप-अप बेसिनमध्ये बुचाखाली वीतभरही खाली न जाता नेमकी एक आडवी गोष्ट बसवलेली असते. नळामागची छोटी दांडी ओढली की बूच खाली बसतं, दाबली की वर येतं. ही करामत करायला पाइपच्या मागच्या बाजूने एक सळी आत शिरते आणि तिचं टोक बुचाच्या शेपटाला असलेल्या भोकात अडकवलेलं असतं. म्हणजे बोटं ओली न करता बूच उघडता यावं, एवढ्या चैनीसाठी आपण वाहत्या पाण्याच्या ऐन मध्यावर एक दांडी आडवी टाकून ठेवली आहे. पहिला केस येतो आणि तिच्यावर दोरीवरच्या कपड्यासारखा दोन्ही बाजूंनी लोंबतो. वाहतं पाणी दोन्ही टोकं खाली ओढतं, त्यामुळे तो सुटत नाही. दुसरा त्याच्यात गुंततो. साबण आणि जड पाण्यातला चुना मिळून जो न विरघळणारा साका होतो तो त्यावर चढतो, त्यावर पेस्ट, त्यावर तेल, आणि या सगळ्यावर जगणारा जंतूंचा बुळबुळीत थर.

म्हणून ट्रॅपला हात लावण्याआधी एक साधी परीक्षा असते: बूच काढायचं आणि नळ पूर्ण सोडायचा. पाणी गपकन उतरलं तर दोष बुचाशीच आहे. बूच काढूनही पाणी चढत राहिलं तर सळीवरचा गुंता किंवा ट्रॅप. सळी साफ केली, ट्रॅप धुतला, तरीही तेच, आणि शेजारची मोरीही रेंगाळतेय, तर अडथळा भिंतीच्या आत आहे; तिथे आपलं काम संपतं आणि प्लंबरचं सुरू होतं. बाबा ही परीक्षा उलट्या टोकाने द्यायचे.

आता, बूच काढायचं म्हणजे काही बुचं नुसती उचलली की येतात, काही थोडी फिरवावी लागतात. आमचं ढिम्म हललं नाही. म्हणजे सळीत ओवलेलं. बेसिनमधलं पाणी पूर्ण उतरू दिलं, खालच्या कपाटातल्या बाटल्या बाहेर काढल्या, बादली ठेवली. पाइपच्या मागे चाचपलं की एक नट लागतो, त्यातून सळी बाहेर डोकावते. तो नट हाताने सैल करून सळी मागे ओढली. आत तिच्यावर एक गोटी असते, ती बाहेर आली की थोडं पाणी गळतं, तेवढंच. ट्रॅपमधलं पाणी या पातळीच्या खाली असतं, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही.

मग बूच वर उचललं. आणि ते येतच राहिलं.

वर्णन टाळते. वाचताना कोणी जेवत असेल. एवढंच सांगते की अंगठ्याएवढ्या शेपटाला मुठीएवढं काहीतरी लटकलेलं होतं. कागदावर ठेवलं आणि, किळस आली तरी, बघितलं. वरचा थर माझ्याच केसांचा, मेंदीने लालसर. आत काळेभोर लांब केस, लेकीचे. तिने केस बारीक कापून घेतल्याला कितीतरी दिवस झाले, मी तेव्हा तिच्याशी धड बोललेही नव्हते. आणि ते इथे, हातभर अंतरावर, जसेच्या तसे. आजी विंचरून झालं की गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून त्याची छोटी गुंडी करायची आणि ती कुठेतरी ठेवून द्यायची. कुठे ते आम्हाला कधी कळलं नाही. केस सहजी कुजत नाहीत, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

म्हणूनच खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतून वर फसफस बघत बसण्यात काही अर्थ नाही. ते दोघे एकमेकांना निकामी करतात, केसाला काही होत नाही. कॉस्टिक सोड्याने केस विरघळतो हे खरं. पण अर्धवट अडलेल्या नळीत ओतलेलं द्रव गुंत्यात थांबत नाही, जिथून पाणी जातं त्याच फटीतून तेही निघून जातं आणि जाऊन बसतं ट्रॅपच्या वाटीत. नंतर वाटी उघडणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यांवर. एकदा ते ओतलं असेल तर उघडणाऱ्याला आधी सांगावं. सांगत कोणी नाही.

बुचाचं शेपूट जुन्या टूथब्रशने घासलं, सळी पुसली, आणि नळीत दातेरी प्लास्टिकची पट्टी घालून हळूच फिरवून वर ओढली. आणखी एक शेपटी आली. मग बाबांच्या स्मरणार्थ ट्रॅपही उघडला. वाटीत थोडा करडा गाळ, बाकी स्वच्छ. बाबांना ते आवडलं नसतं.

उघडणं सोपं, गळू न देता बंद करणं कठीण. वाटीचं रबरी वॉशर तिच्या खाचेत सपाट बसलंय ना ते बघायचं, आटे तिरके धरले तर पहिल्याच फेऱ्यात जड लागतात, तसं झालं की जोर न लावता काढून परत लावायचं. सळीच्या नटाचं गणित नाजूक असतं: फार आवळला तर नळामागची दांडी हलत नाही, सैल ठेवला तर थेंब थेंब. खाली कोरडा कागद अंथरून बेसिन काठोकाठ भरायचं आणि एकदम सोडून द्यायचं. कागद कोरडा राहिला म्हणजे झालं. नुसता नळ सोडून बघितलं तर गळती कळत नाही. ती भरलेल्या बेसिनच्या पाण्यालाच सापडते.

माझी चाचणी उत्तम झाली. पाणी भोवरा करून गुर्रकन गेलं. पण त्यानंतर मी मागचा नट पुन्हा सैल केला, सळी बुचाच्या भोकातून काढून तशीच परत आत घातली, नट आवळला आणि बूच तिच्यावर नुसतं टेकवून ठेवलं. आता ते दोन बोटांनी उचलता येतं, खालचे केस दर आठवड्याला चिमटीत निघतात, बादली नाही की टॉर्च नाही. फक्त ते पूर्ण खाली बसत नाही, जरासं उचललेलंच राहतं.

संध्याकाळी नवऱ्याने दांडी ओढून बघितली.

"अगं, हे बंदच होत नाहीये. बेसिनमध्ये पाणी राहणार नाही."

"राहू नये म्हणूनच दुपारभर बसले होते."

"मग ही दांडी कशाला आता?"

"केसांचं रबर अडकवायला," मी म्हटलं.