मिठाच्या पाण्यावर रोटामीटर 500 दाखवतो, येतात 450: माझा अनुभव

रोटामीटर म्हणजे प्रवाह मोजणारी उभी काचेची नळी. खालून वर जाणारा द्रव तिच्यातला फ्लोट, म्हणजे छोटा ठोकळा, उचलून धरतो आणि तो पट्टीवर जिथे थांबतो तो आकडा वाचायचा. आमच्याकडे पुढे मिठाचं पाणी कमी येत होतं. फ्लोट 500 वर आहे म्हणजे ताशी 500 लिटर जाताहेत, हे गृहीत धरून आम्ही पंप खोलला, गाळणी साफ केली, गळती शोधली. मीटर मात्र कुणी तपासला नाही, याची चीड अजून आहे.

तपासणी सोपी होती. 1200 किलो प्रति घनमीटर घनतेचं संपृक्त मिठाचं द्रावण एक मिनिट बादलीत घेऊन वजन केलं. 10 किलो यायला हवं होतं, 9 किलो आलं. म्हणजे साडेसात लिटर, ताशी 450.

पट्टी पाण्यासाठी आखलेली होती, सगळा घोळ तिथेच. फ्लोट स्थिर राहतो तेव्हा त्याचं वजन हे द्रवाचं उत्प्लावक बल आणि प्रवाहाचा वर ढकलणारा जोर यांच्या बेरजेएवढं असतं. वजन ठरलेलं, द्रव ठरलेला, म्हणून हा जोरही ठरलेलाच. त्यामुळे फ्लोटभोवतीच्या फटीतला वेग जवळपास कायम राहतो. प्रवाह वाढवला की फ्लोट वर सरकतो, कारण नळी वर रुंद असते आणि तिथे फट मोठी मिळते. उदाहरणार्थ, फ्लोट 20 मिमीचा आणि नळी तळाशी 20, 200 मिमी उंचीवर 24 मिमी असेल, तर फट अर्ध्या उंचीवर 66 आणि वर 138 चौरस मिमी भरते. म्हणून पट्टीवरचे आकडे जवळजवळ समान अंतरावर असतात.

आता द्रव जड झाला. त्याचं उत्प्लावन जास्त, शिवाय त्याच वेगाला त्याचा जोरही जास्त. म्हणजे तोच फ्लोट पेलायला कमी वेग पुरतो. स्टीलच्या फ्लोटची घनता 8000 धरली, तर दुरुस्तीचा गुणक असा:

√[(8000−1200)×1000 ÷ ((8000−1000)×1200)] = 0.90

500 × 0.90 = 450. बादलीनेही तेच सांगितलं. गुणक वेगावर लागतो, उंचीवर नाही, म्हणून पट्टीभर तोच चालतो. ग्लिसरीनसारख्या दाट द्रवाला मात्र हे सूत्र लावू नका. तिथे चिकटपणाचा ओढा वाढतो, बादली आणि वजनकाट्यानेच पट्टी नव्याने आखावी लागते.

आधी सांगायला हवं होतं: नळी ओळंब्यात उभी हवी, आणि फ्लोटची रुंद कडा जिथे येते तिथला आकडा वाचायचा. व्हॉल्व्ह हळू उघडा, नाहीतर फ्लोट वरच्या अडणीवर आदळून काच फुटू शकते. मिठाच्या द्रावणात कडेवर खडे जमून फ्लोट अडकतोही. व्हॉल्व्ह जरा फिरवला की तो हलला पाहिजे, आणि पूर्ण बंद केला की तळाशी यायला हवा. नाही आला तर नळी गोड्या पाण्याने धुवा, मगच गुणक लावा.