सेल्फीत वांगाचे डाग दिसायलाच हवे होते

माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आहेत. औषध सुरू केलं तेव्हा त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या की दर महिन्याला इतक्या लांब येऊ नका, फोटो पाठवत जा. पहिला फोटो पाठवला आणि तासाभरात त्यांचा निरोप आला, "ताई, ब्यूटी बंद करून पुन्हा काढा. डागांच्या कडाच दिसत नाहीयेत." फोटोत माझा गाल खरंच नव्या साबणाच्या वडीसारखा दिसत होता. औषध न लावताच निम्मा वांग गेलेला!

फोन मध्यम किमतीचा अँड्रॉइड आहे. सेल्फी कॅमेरा उघडला की कोपऱ्यात जादूच्या कांडीसारखं एक चिन्ह दिसतं. काही फोनवर तिथे चेहऱ्याचं चित्र असतं, काहींवर सरळ Beauty किंवा Retouch लिहिलेलं असतं. ते दाबल्यावर खाली पट्ट्या आल्या: त्वचा गुळगुळीत करणारी, रंग उजळवणारी, गाल बारीक करणारी, डोळे मोठे करणारी. मी काहीही निवडलेलं नसताना पहिल्या दोन पट्ट्या अर्ध्यावर होत्या. रंग उजळवणारी पट्टी आपल्याकडच्या फोनमध्ये आधीपासूनच चालू का ठेवतात, हे कुणी सांगायला नको. पण माझ्या कामात तीच सगळ्यात घातक होती. गुळगुळीतपणामुळे डागाची कड जाते आणि उजळपणामुळे डाग आणि आजूबाजूची त्वचा यांतला फरकच पुसला जातो.

इथे एक फसवी जागा आहे. पट्ट्यांच्या वर Natural नावाचा एक तयार पर्याय होता आणि तो निवडला की सगळं बंद झालं असं वाटतं. प्रत्यक्षात तो सौम्य ब्यूटीच असतो. खरं बंद करायचं तर डावीकडे टोकाला आडवी रेघ मारलेला गोल असतो, तो दाबायचा. तो नसेल तर एकेक पट्टी शून्यावर आणायची. शेजारी फिल्टरचा वेगळा टॅब असतो, तिथेही मूळ रंगांचा पर्यायच निवडलेला आहे ना, हे बघून घ्यायचं.

एवढं करून फोटो काढला, बरा आला. दुसऱ्या दिवशी पोर्ट्रेट मोडवर काढला तर गाल पुन्हा गुळगुळीत! माझ्या फोनमध्ये साधा फोटो, पोर्ट्रेट आणि व्हिडिओ या तिघांची ब्यूटी वेगवेगळी ठेवलेली आहे. एकीकडे बंद केली तरी बाकी दोन्हीकडे चालूच राहते. म्हणून तिन्ही मोडमध्ये जाऊन तेच काम पुन्हा करावं लागलं. शिवाय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये, शेवटी शेवटी, आधीची निवड लक्षात ठेवण्याचा पर्याय असतो. तो चालू केला नाही तर काही फोन कॅमेरा बंद होताच पट्ट्या परत पूर्वीच्या जागी नेऊन ठेवतात.

यानंतरही संध्याकाळी हॉलमध्ये काढलेला फोटो मऊच येत होता. आता मात्र दोष ब्यूटीचा नव्हता, आणि तो कसा ओळखायचा हे माझ्या भाच्याने दाखवलं. तो लग्नाचे फोटो काढतो.

"मावशी, गाल बघू नकोस. भुवई बघ, कपाळावरचे बारीक केस बघ आणि ओढणीची वीण बघ," तो म्हणाला.

ब्यूटीने केलेल्या फोटोत त्वचा तेवढी गुळगुळीत असते, भुवईचा केस न् केस सुटा दिसतो. माझ्या संध्याकाळच्या फोटोत भुवईसुद्धा काजळाच्या रेघेसारखी सपाट झाली होती आणि ओढणीची वीण गायब होती. म्हणजे फोन सगळ्यालाच पुसत होता. पुढच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असतो. उजेड कमी पडला की फोटोत रंगीत दाणे येतात, ते घालवायला फोन सगळा फोटो घोटून काढतो, आणि त्वचेची छिद्रं, बारीक लव, डागाची कड हे सगळं त्या दाण्यांबरोबरच जातं. हे घोटणं बंद करायचं बटण बहुतेक फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात नसतं. २०१८ साली आयफोन एक्सएसच्या सेल्फीत लोकांना चेहरे फार गुळगुळीत दिसले आणि अॅपलने गुपचूप ब्यूटी फिल्टर घातलाय अशी ओरड झाली. फिल्टर नव्हताच. अनेक फ्रेम जोडून एक फोटो करताना फोन मूळ फ्रेम चुकीची निवडत होता, आणि आयओएस १२.१ मध्ये ते दुरुस्त झालं.

भाच्याची दुसरी युक्ती मला जास्त आवडली. ब्यूटीला आधी चेहरा सापडावा लागतो. फोन इतका जवळ धरायचा की चौकटीत फक्त गाल येईल, डोळे आणि तोंड बाहेर राहतील. असा काढलेला गाल खरखरीत आणि पूर्ण चेहऱ्यातला गाल गुळगुळीत आला, तर कुठेतरी ब्यूटी अजून चालू आहे. दोन्ही सारखेच मऊ आले तर उजेड कमी आहे, किंवा लेन्सवर बोटाचं तेल बसलंय. मी हल्ली फोटोआधी लेन्स पदराने पुसतेच. स्क्रीनगार्ड लेन्सवर आलेला असेल तर त्याच्यावरचे ओरखडेही असाच धूसरपणा आणतात.

उजेडासाठी खिडकी पुरली. सकाळी थेट ऊन येत नसताना खिडकीकडे तोंड करून, हात लांब ठेवून काढते. गॅलरीत फोटोची माहिती उघडली की आयएसओचा आकडा दिसतो, म्हणजे कमी उजेड भरून काढायला फोनने कॅमेऱ्याची संवेदनशीलता किती वाढवली त्याचं माप; त्यावरून लगेच कळतं. ट्यूबलाइटखालच्या फोटोला तो हजाराच्या वर होता, खिडकीपाशी शंभराच्या आसपास. आकडा जेवढा लहान तेवढं घोटणं कमी. त्याच खिडकीत, त्याच वेळी दर महिन्याला काढला तरच डाग फिकट होतायत की नाही याची तुलना करता येते.

ज्यांच्या फोनमध्ये सगळं बंद करूनही त्वचा मऊच राहते, त्यांनी ओपन कॅमेरा हे मोफत अॅप वापरून बघावं. त्याच्या सेटिंगमध्ये Camera API या ठिकाणी Camera2 निवडलं की फोटो घोटणं कमी करण्याचा पर्याय मिळतो, अर्थात फोन तेवढी मुभा देत असेल तर. मात्र त्यात दाणे दिसतात आणि हौशी सेल्फीला ते कुणाला आवडणार नाहीत. मला खिडकीनंतर त्याची गरज उरली नाही.

शेवटची गाळणी व्हॉट्सअॅपची. तिथूनच कॅमेरा उघडून काढलेला फोटो मी डॉक्टरांना पाठवत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात काढते आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवते, म्हणजे तो दाबून लहान होत नाही. व्हिडिओ कॉलचं खातं पुन्हा वेगळं आहे. व्हॉट्सअॅपच्या कॉलमध्ये स्वतःचा Touch up पर्याय आहे, आणि काही फोन कॉलसाठी आपली वेगळी ब्यूटी देतात, तिचा कॅमेऱ्यातल्या पट्ट्यांशी संबंध नसतो. डॉक्टरांशी कॉलवर बोलायचं असेल तर ही दोन्ही आधी बघून घेते.

गुगलने २०२० मध्ये पिक्सेल ४ए पासून चेहरा गुळगुळीत करणारा पर्याय सुरुवातीलाच बंद ठेवायला सुरुवात केली. बाकीच्यांनीही तसं केलं तर बरं. तोवर फोन अपडेट झाला की मी तिन्ही मोड उघडून पट्ट्या तपासते, कारण मागच्या अपडेटनंतर पोर्ट्रेटची पट्टी परत अर्ध्यावर गेली होती.