आजीच्या हँडलसाठी सहा भोकं

परभणीत वसमत रोडच्या एका घरातून फोन आला. आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना न्हाणीत धरून उठायला स्टीलचं हँडल बसवायचं होतं. आधी आलेल्या मिस्त्रीने दोन टाइल फोडल्या होत्या आणि काम तसंच टाकून तो निघून गेला होता. त्या डिझाइनची टाइल आता बाजारात मिळत नाही, असं घरमालक काका सांगत होते. म्हणजे आणखी एकही टाइल फुटून चालणार नव्हती.

टॉवेलची दांडी सैल बसली तर टॉवेल पडतो. हे हँडल निसटलं तर आजी पडणार होत्या. म्हणून ड्रिल मशीन काढायच्या आधी मी त्यांनाच स्टुलावर बसवलं. "आजी, उठताना हात जिथं सहज जातो तिथं ठेवा," म्हणालो आणि तिथं पेन्सिलीने खूण केली.

मग खुणेवर मास्किंग टेप चिकटवली, म्हणजे बिट घसरत नाही. मशीनचा हॅमर बंद केला आणि भाल्याच्या टोकाचं टाइलचं बिट लावून सावकाश चालवलं. साध्या सिरॅमिक टाइलला एवढं पुरतं. वरचा चकचकीत थर कापला गेला की आतली भाजलेली माती मऊच असते. इथं मात्र दोन मिनिटं झाली तरी नुसती पांढरी खूण उमटली होती. बिटाचं टोक निळं पडून बोथट झालं होतं. अशा वेळी जोर वाढवायचा नसतो, टाइल तिथंच दगा देते.

मी फुटलेल्या टाइलचा तुकडा मागितला. तो उलटा करून पाठीवर पाण्याचा थेंब सोडला. सिरॅमिक असती तर थेंब बघता बघता आत जिरला असता. हा मोत्यासारखा तसाच बसून राहिला. म्हणजे जमिनीची व्हिट्रिफाइड टाइल भिंतीला लावलेली होती. आधीच्या माणसाने तिच्यावर गवंडीकामाचं बिट हॅमरवर चालवलं असणार. तडे भोकापासून चारी दिशांना गेले होते.

त्याच थेंबाने माझ्या मनात दुसरी शंका आणली. जी टाइल पाणी पीत नाही, तिच्या पाठीला साधं सिमेंटही नीट धरत नाही; तिला टाइलचं अ‍ॅडेझिव्ह लागतं. नाण्याने टकटक करत सगळी भिंत तपासली. खालच्या खुणेची टाइल बोदी वाजली, कारण मागे सिमेंटचे चार गोळेच होते आणि मधे पोकळी होती. तिथं स्क्रू आवळला की टाइल मागे वाकते आणि तडकते. आजींना पुन्हा बसवून हात तीन इंच वर ठेवायला लावला. त्यांना तेवढं चालत होतं आणि हँडलची दोन्ही टोकं भरीव टाइलवर येत होती.

आता आठ एमएमचं पोकळ डायमंड बिट. त्याला मधे टोक नसतं, सरळ टेकवलं तर ते टाइलवर नाचतं. म्हणून तिरकं धरून आधी चंद्रकोर कापली, मग हळूहळू सरळ केलं. झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून काका पाण्याची धार सोडत होते. पाणी असतं म्हणून तिथं मी बॅटरीचीच मशीन वापरतो, वायरची नाही. बिट मधूनमधून बाहेर घ्यायचं, म्हणजे पाणी आत पोचतं. दुधासारखा राडा येत राहिला तर कापणं ठीक चाललंय. कोरडी भुकटी दिसली किंवा आवाज किंचाळल्यासारखा झाला तर थांबायचं. टाइल संपताना दाब अगदी सोडून द्यायचा. राडा सिमेंटच्या रंगाचा झाला की टाइल पार झाली समजायचं.

पुढे विटेत गवंडीकामाचं बिट घातलं, पण हॅमर न लावता. वीट त्याशिवायही कापली जाते, आणि टाइलला हादरा कशाला द्यायचा? भोकातली धूळ फुंकून काढली. प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकून थांबलो नाही, खिळ्याने टाइलच्या जाडीच्या पलीकडे ढकलल्या. गिट्टी स्क्रू आवळताना फुगते. ती टाइलमध्ये फुगली तर काल धड असलेली टाइल आज तडकते. भोकांत आणि हँडलच्या चकतीमागे सिलिकॉन भरलं, म्हणजे पाणी भिंतीत शिरत नाही. स्क्रू हाताने आवळले.

सहा भोकं पाडायला दोन तास गेले. सिलिकॉन वाळायला एक दिवस दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी स्वतःचा सगळा भार हँडलवर टाकला, नाण्याने पुन्हा सहाही जागा वाजवल्या. मग आजी आल्या, हँडल धरून उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या.

"आता कुणाला हाक नको मारायला," त्या सुनेला म्हणाल्या.