अनामत एकच, नावं दोन

अण्णा दुपारी निविदेची मराठी प्रत घेऊन आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "सोडून देऊ ओ सर हे टेंडर. पाच लाख चाळीस हजार अडकणार."

अंदाजपत्रक ६० लाखांचं. त्यांनी पेन्सिलीने बेरीज केली होती: बयाणा रक्कम १ लाख २० हजार, बोली सुरक्षा १ लाख २० हजार, कार्यपूर्ती सुरक्षा ३ लाख. आपल्याकडचे निम्मे ठेकेदार फक्त दराचं पान बघतात. अण्णा सगळं वाचतात, म्हणून फसले.

इंग्रजी मूळ प्रत काढली. पहिल्या दोन रकमा तिथे एकाच ओळीत, मध्ये तिरपी रेघ. ज्याने भाषांतर केलं त्याने एका पानावर एक नाव घेतलं, दुसऱ्या पानावर दुसरं. दोन्हीकडे २ टक्केच, म्हणजे अनामत एकच. तिसरी रक्कम काम मिळालं तरच, करारनाम्याच्या वेळी. आज लागणार १ लाख २० हजार.

"आणि नंबर नाही लागला तर?"

परत मिळते. दर भरून मुदतीत माघार घेतली, दर बदलला किंवा काम मिळूनही करार केला नाही, कार्यपूर्ती सुरक्षा दिली नाही, तरच जप्त. खात्याने बोलीची मुदत वाढवून मागितली तर या निविदेत नकार देता येतो, तेव्हा जप्ती नाही. हे कलम मी दोनदा वाचून दाखवलं, कारण सिमेंटचे भाव वर गेले की हेच कामाला येतं.

मग त्यांनी अनामतीसाठी द्यायच्या बँक गॅरंटीचा मसुदा काढला. ९० दिवसांची! मराठीत होतं, 'बोली सुरक्षा बोलीच्या वैधतेनंतर ४५ दिवस.' अण्णांनी अर्थ लावला की पैसे ४५ दिवसांनी परत. मी कॅलेंडर पुढे ओढलं. शेवटची तारीख १२ ऑगस्ट, बोलीची वैधता ९० दिवस म्हणजे १० नोव्हेंबर, त्यापुढे ४५ दिवस म्हणजे २५ डिसेंबर. शेवटच्या दिवशी एखाद्याची निवड झाली, तर करार होईपर्यंत खात्याच्या हातात त्याचे पैसे हवेत. १० नोव्हेंबरची गॅरंटी दिली असती तर तांत्रिक लिफाफ्यातच बाद, दराचा लिफाफा उघडलाच नसता.

मी म्हटलं, निविदापूर्व बैठकीत हे लेखी विचारा, खातं सगळ्यांसाठी शुद्धिपत्रक काढेल.

अण्णा हसले. "सगळ्यांना कशाला सांगायचं?"

मी आग्रह धरला नाही. फी त्यांनी दिलेली, चौकशी त्यांच्या नावाने जायची. बँकेतून २५ डिसेंबरची गॅरंटी करून त्यांनी निविदा भरली.

तांत्रिक लिफाफे उघडले तेव्हा दोघे बाद झाले, कारण गॅरंटीची मुदत कमी. दोघेही सोलापूरचेच, छोटे. त्यातल्या एकाने काल फोन करून विचारलं, "सर, मराठीत तर असंच लिहिलं होतं ना?"