अनुनाद नळीतले जास्तीचे दोन मीटर

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला अनुनाद नळीने हवेतला ध्वनीचा वेग मोजायचा प्रयोग माझ्या वाट्याला आला तो ऐन जुलैत. नाशिकला पावसाची झड लागलेली, प्रयोगशाळेत जर्नलची पानंसुद्धा मऊ पडलेली. खोलीचं तापमान 27 अंश, म्हणजे 300.15 केल्विन.

आधी सूत्रातून उत्तर काढून ठेवलं: v = √(γRT/M). γ म्हणजे हवेच्या दोन विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर, 1.4, R म्हणजे वायू स्थिरांक, 8.314, T म्हणजे केल्विनमधलं तापमान, आणि M म्हणजे हवेचं मोलर वस्तुमान, 0.02896 किलोग्रॅम. इथे 28.96 ग्रॅमच ठेवले तर वेग सेकंदाला 11 मीटर येतो. तेवढ्या वेगाने तर स्कूटर पळते, त्यामुळे ही चूक लगेच कळते. बरोबर उत्तर सेकंदाला 347.3 मीटर.

मग नळीत पाणी भरलं, 512 हर्ट्झचा नादकाटा रबरावर आपटून तोंडाशी धरला आणि पाणी हळूहळू खाली नेलं. 15.9 सेंटीमीटरला आवाज एकदम फुगला, दुसऱ्यांदा 50.0 ला. फरक 34.1 सेंमी, ही अर्धी तरंगलांबी. दोन्ही वाचनं वजा केली की नळीच्या तोंडाशी होणारी त्रुटी आपोआप कटते. तिच्या दुपटीला 512 ने गुणलं, वेग आला 349.2. पुन्हा पुन्हा घेतलं तरी त्याच्याच आसपास.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, म्हणून मला हवेच्या दाबाचा संशय आला. पण सूत्रात दाब नाहीच. दाब घटला की घनताही त्याच प्रमाणात घटते. मॅडमनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "नळीत खाली पाणी आहे ना? मग हवा कोरडी कशी धरलीस?"

दमट हवा अंगाला जड वाटते, पण असते हलकी. त्याच दाबाला आणि तापमानाला रेणूंची संख्या तेवढीच राहते, म्हणजे बाष्पाचा 18 रेणुभाराचा रेणू आला की 28 चा नायट्रोजन किंवा 32 चा ऑक्सिजन जागा सोडतो. 27 अंशाला संपृक्त बाष्पदाब पाऱ्याचे 26.7 मिलिमीटर, आमचा वायुभारमापक दाखवत होता 705. म्हणजे शंभरातले जवळजवळ 3.8 रेणू पाण्याचे. M उतरून 28.55 होतो आणि वेग 349.8 वर जातो. (दाब इथे असा मागच्या दाराने येतो: तो कमी, म्हणून बाष्पाचा वाटा जास्त.) मात्र पाण्याचा रेणू तीन अणूंचा, त्याचा γ कमी, त्यामुळे मिश्रणाचा γ 1.397 वर येतो आणि थोडा वेग परत जातो. शेवटी 349.4.

मॅडमनी सही केली, पण खाली लिहायला लावलं: हा दोन मीटरांचा फरक नळीवर जेमतेम दोन मिलिमीटरचा. वाचनात एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी वेग मीटरभर हलतो, आणि तापमान साडेतीन अंशांनी चुकलं तर दमटपणाचा सगळा परिणाम त्यातच बुडतो. म्हणून तापमापी टेबलावर ठेवायचा नाही, नळीच्या आतल्या हवेत सोडायचा.