दूध सोसायटीच्या सॉफ्टवेअरचा एसआरएस लिहिताना फंक्शनल आणि नॉन-फंक्शनल कसं वेगळं केलं (माझा अनुभव)

वाळवा तालुक्यातल्या एका दूध सोसायटीला संकलनाचं सॉफ्टवेअर हवं होतं आणि कोडिंग सुरू करायच्या आधी एसआरएस, म्हणजे सॉफ्टवेअरकडनं नेमकं काय काय हवं ते मांडणारा कागद, लिहायचं काम माझ्याकडं आलं. साचा मी आयईईई 830 या मानकाचा घेतला, 1998 चा. आता त्याच्या जागी आयएसओ 29148 आलंय, पण छोट्या कामाला जुना साचा पुरतो आणि कळायलाही सोपा आहे. पहिल्या भागात हेतू, व्याप्ती आणि शब्दांचे अर्थ येतात, दुसऱ्यात एकूण वर्णन म्हणजे वापरणारे कोण, मर्यादा काय, काय गृहीत धरलंय वगैरे, आणि तिसऱ्यात प्रत्यक्ष रिक्वायरमेंट्स. पहिले दोन भाग पटकन झाले, खरी डोकेफोड तिसऱ्यात.

सोसायटीचे सचिव तात्या एका दमात बोलले, "हे बघ, कोड टाकला की फॅट-एसएनएफवरनं दर लागून पावती झटक्यात निघाली पायजे, लाईट गेली, नेट गेलं तरी काटा थांबता कामा नये, आणि दराला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." लिहिताना हेच वाक्य मी फोडत बसलो.

सॉफ्टवेअर काय करणार, ते फंक्शनल. सभासद कोड, लिटर, फॅट आणि एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, एवढं दिलं की चालू दरपत्रकातला दर घेऊन रक्कम काढायची आणि पावती द्यायची, हे झालं एफआर-1, म्हणजे पहिली फंक्शनल रिक्वायरमेंट. याची टेस्ट सरळ असते, समजा 6.4 लिटर दूध आणि दर 34 रुपये, तर पावतीवर 217.60 आलेच पाहिजेत, आले तर पास नाहीतर नापास. त्याच्याच शेजारी एफआर-2 लिहिला, की दरपत्रक बदललं तरी आधी निघालेल्या पावत्यांचा दर बदलायचा नाही. हे तात्या बोलले नव्हते पण दहा दिवसांचं बिल काढताना मधेच दर बदलला तर काय, असं विचारल्यावर निघालं.

आता "झटक्यात". हे नॉन-फंक्शनल, काम किती चांगलं व्हायला पाहिजे ते सांगणारं, पण असंच लिहिलं तर त्याची टेस्ट कशी करणार? म्हणून आकडा शोधला. सकाळी दीड तासात साधारण दीडशे जण दूध घालतात, म्हणजे माणशी 36 सेकंद, आणि त्यातला बराचसा वेळ माप आणि फॅट मशीनच खातं. म्हणून पहिली नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट, एनएफआर-1, अशी लिहिली: फॅट मशीनचा आकडा आल्यापासून पावती छापायला लागेपर्यंत 100 पैकी 95 वेळा 2 सेकंदांच्या आत. कुठनं कुठपर्यंत मोजायचं ते लिहिणं फार गरजेचं आहे बरं का, नाहीतर नंतर प्रिंटर हळू का सॉफ्टवेअर हळू यावरनंच वाद.

सगळ्यात मजा आली ती नेटमध्ये. "नेट गेलं तरी संकलन थांबू नये" हे उपलब्धतेचं, म्हणून एनएफआर-2, आणि किती वेळ तेही ठरवलं, सलग दोन दिवस. पण हे तेवढ्यावर भागत नाही, त्याच्या पोटातनं नवीन फंक्शनल निघतात. पावती आधी तिथल्याच कॉम्प्युटरवर साठवायची, नेट आलं की वर पाठवायची, आणि पाठवताना मधेच लाईन तुटून तीच पावती दोनदा गेली तरी हिशोबात एकदाच धरायची. हे शेवटचं लिहून ठेवलं नसतं तर एखाद्याच्या बिलात दूध दुप्पट दिसलं असतं आणि तात्यांच्या दारात गर्दी. या तिघांपुढं "एनएफआर-2 वरून" असं लिहून ठेवलं, म्हणजे उद्या दोन दिवसांचा एक दिवस केला तर कुठं कुठं बघायचं ते कळतं. लाईटचं तसं नाही, बॅटरी बॅकअप ठेवणं सोसायटीचं काम, ते गृहीतकांत टाकलं. सॉफ्टवेअरकडं एवढंच राहिलं की अचानक बंद पडलं तरी छापलेली पावती हरवायची नाही.

तिसरं, दराला हात न लावणं. याला बरेच जण सुरक्षा म्हणून डोळे झाकून नॉन-फंक्शनलमध्ये ढकलतात. मी फोडलं. सचिवाच्या लॉगिनशिवाय दर बदलायचा पर्यायच दिसायचा नाही आणि कुणी कधी बदलला त्याची नोंद राहायची, हे सॉफ्टवेअरनं करायचं काम आहे, सो फंक्शनल. पासवर्ड उघडा साठवायचा नाही, हे नॉन-फंक्शनलमध्ये ठेवलं. काठावरच्या गोष्टींवर दोन जाणकारांचं एकमत होईलच असं नाही, माझ्या मते दोन्हीकडं तेच लिहून ठेवण्यापेक्षा एका जागी लिहून दुसरीकडं नंबर द्यावा.

फॅट मशीन जुनंच वापरायचंय ही अट या दोन्हीत कुठंच घातली नाही, ती डिझाइनच्या मर्यादांमध्ये गेली. आणि "वापरायला सोपं" हे मी आधी खोडलंच होतं, पण संकलनाला बसणारा पोरगा म्हणाला, "दादा, माऊसला हात लावायला लागू नये, एक हात कॅनवर असतोय." मग एनएफआर-5: एक पूर्ण नोंद फक्त आकड्यांची बटणं आणि एंटर वापरून करता आली पाहिजे.