आईच्या केसपेपरवरचं बाळ

वजनकाटा ६.२ किलोवर थांबला. मुलगी तेरा महिन्यांची. या वयाच्या मुलींचं वजन साधारण नऊ किलोच्या आसपास असतं. दंडाला फीत गुंडाळली तर घेर ११.२ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली आलं की ते तीव्र कुपोषण. फीत लाल रंगावर गेली, तसं तिच्या आईने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

मी ठाण्यात बालरोगतज्ज्ञ आहे. महिन्यातून एकदा जिल्ह्यातल्या एका तुरुंगाच्या महिला विभागात मुलं तपासायला जाते. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ आत राहू शकतं. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने उपाध्याय खटल्यात हे ठरवून दिलं. या मुलांना कैदी समजायचं नाही, त्यांना त्यांच्या वयाचा आहार, लसी आणि तपासणी मिळाली पाहिजे, असंही त्याच निकालात आहे.

मी तिचे आधीचे कागद मागितले. हवालदार बाईंनी आईचा केसपेपर आणून दिला. त्यात आईच्या पाठदुखीच्या खाली कोणीतरी एक ओळ लिहिली होती : ‘बाळास जुलाब, ओआरएस दिले’. अशा ओळी तीन आठवड्यांत चार वेळा आल्या होत्या, पण वजन एकदाही नोंदलेलं नव्हतं. बाहेर असती तर अंगणवाडीत दर महिन्याला काट्यावर बसली असती आणि वक्ररेषा खाली जाताना कोणाला तरी दिसली असती. इथे तिच्या नावाचा कागदच नव्हता. तिचं लसीकरणाचं कार्ड अटकेच्या वेळी घरीच राहिलं होतं. मुलाखतीला कोणी येत नव्हतं, त्यामुळे गोवराची लस झाली की नाही हे आईच्या आठवणीवर.

“खायला काय देतेस?” मी विचारलं.

“मॅडम, दूध सकाळी मिळतं. डाळ तिखट असते, ती धुऊन भात कालवते. संध्याकाळी बंदी झाली की मग सकाळपर्यंत माझंच दूध. आता तेही कमी झालंय.”

घोटाळा नेमका इथेच होता. संध्याकाळी बॅरेकला कुलूप लागतं ते सकाळी उघडतं. मोठ्या माणसाचं निभावतं. पण जुलाबाने वाळलेल्या मुलाच्या अंगात साठा नसतो, रात्रभर उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं. म्हणून अशा मुलाला पहिले काही दिवस दर दोन तासांनी थोडं थोडं खास दूध पाजतात, रात्रीसुद्धा. एका वेळी किलोमागे ११ मिली, म्हणजे हिला सुमारे ७० मिली, वाटी-चमच्याने. दिवसरात्र मिळून बारा वेळा. कुलपाआड हे होणं शक्यच नव्हतं.

पायांवर सूज नव्हती, ताप नव्हता. पण वाटीत दिलेलं दूध तिने दोन चमचे घेऊन तोंड फिरवलं. भूक मेली की घरी उपचार करायचे नसतात, दाखल करावं लागतं. मी तसं लिहून दिलं.

मग गार्डची वाट. बाळाला नेण्यात कायद्याची अडचण काहीच नाही, पण अंगावर पिणारं मूल आईशिवाय जाणार कसं? आणि आई गेली की बरोबर पोलीस हवेत, महिला पोलीस हवी. निरोप सकाळीच गेला होता. त्या दिवशी कोर्टाच्या तारखा बऱ्याच होत्या, गार्ड दुपारी उशिरा आली. तोवर रुग्णालयाची ओपीडी बंद. अपघात विभागात उभं राहून तिथल्या निवासी डॉक्टरशी मी बोलले (खरं तर भांडले), तेव्हा खाट मिळाली. गार्ड बाईंचं रास्त म्हणणं होतं : दाखल केलं तर पाळीपाळीने किती जणी बसणार?

पोषण पुनर्वसनाला दोन आठवडे लागतात. जुलाब थांबले, भूक परतली, वजन चढू लागलं आणि आठवड्यातच बंदोबस्ताच्या अडचणीमुळे डिस्चार्जची विनंती आली. भूक परतली होती, म्हणून मी नाही म्हटलं नाही, पण रात्रीचं काय ते आधी ठरवा म्हटलं. तयार दूध उन्हाळी-पावसाळी हवेत रात्रभर टिकत नाही. म्हणून मोजून बांधलेल्या दूधपावडर-साखरेच्या पुड्या आणि बंदीच्या वेळी भरलेला स्टीलचा थर्मास द्यायचं ठरलं. काचेचा चालत नाही. अधीक्षकांनी सही केली.

सुटकेचा मार्ग वकिलाने वेगळाच काढला. तिचा जामीन केव्हाच मंजूर होता, जामीनदार मिळत नव्हता म्हणून ती आत होती. बाळाचे रुग्णालयातले कागद जोडून अट शिथिल करण्याचा अर्ज केला, आणि कोर्टाने तिला वैयक्तिक बंधपत्रावर सोडलं.

त्याआधीच्या तपासणीत दंड ११.९ झाला होता. साडेबारा झाल्याशिवाय बरी झाली म्हणता येत नाही, म्हणून तिला घराजवळच्या अंगणवाडीच्या नावे चिठ्ठी दिली. आत अजून पाच मुलं आहेत. त्यांचे वेगळे केसपेपर काढायला मी लेखी कळवलंय. वजनकाटा तेवढा तिथेच ठेवून आलेय.